सपोर्टवाल्यांनो, तुमचं घड्याळ नेमकं कुठल्या कॅलेंडरवर चालतंय? (खुले पत्र)

प्रति,
बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी भागातल्या कारखान्यांना सॉफ्टवेअर आणि मशिनरी विकून वर वर्षाचा सपोर्ट करार करणाऱ्या सगळ्या कंपन्यांचे सर्विस मॅनेजर,

नमस्कार.

मी उद्यमबागेत एका कास्टिंगच्या कारखान्यात आयटी बघतो. आयटी म्हणजे काय, तर प्रिंटरमध्ये अडकलेल्या कागदापासून सर्व्हरपर्यंत जे काय वायरीला जोडलंय ते सगळं माझं. त्याच्याआधी काही वर्षं टिळकवाडीत एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत होतो, तिथं तिकीट सिस्टिममध्ये डेडलाइन काढायचा कोड मीच लिहिलेला, आणि पहिल्यांदा चुकीचाच लिहिलेला. त्यामुळं हे पत्र नुसत्या गिऱ्हाईकाची कुरकुर म्हणून वाचू नका, टेबलाच्या दोन्ही बाजूला बसून झालंय माझं.

कारण घडलं ते २०२४ च्या दिवाळीत. बुधवार, ३० ऑक्टोबर. दुसऱ्या दिवसापासून सुट्टी म्हणून सगळा माल त्याच दिवशी बाहेर काढायचा होता, आणि दुपारनंतर गेटवरच्या बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये ई-वे बिलाचा नंबरच येईना. पुण्याला जायचा ट्रक भरून उभा, ड्रायव्हर दर पाच मिनिटांनी खिडकीत डोकावतोय, आणि आमचे डिस्पॅचचे काका माझ्याकडं बघायलेत जणू मीच तो नंबर खिशात घालून बसलोय. ४:५० ला तिकीट टाकलं. लगेच मेल आला, छान सभ्य भाषेत, की तुमची तक्रार ८ बिझनेस अवर्समध्ये सोडवली जाईल, अंतिम वेळ ३१ ऑक्टोबर, रात्री १२:५०.

रात्री १२:५०! काका म्हणाले, "एवढ्या रात्री कोण बसतंय रे त्यांच्याकडं? वॉचमन?"

फोन लावला. पहिला मुलगा म्हणाला, सर तुमच्याकडं आता सुट्ट्या आहेत ना, सोमवारी दुपारी ३:५० पर्यंत बघतो. अर्ध्या तासानं दुसऱ्याचा फोन आला, तो म्हणाला उद्या गुरुवारी ३:५० च्या आत होऊन जाईल. म्हणजे एकाच तिकिटाच्या तीन डेडलाइन, मेलमधली, पहिल्याची आणि दुसऱ्याची, आणि तिघांनाही आपलीच खरी वाटत होती. आम्ही शेवटी सरकारी पोर्टलवर लॉगिन करून ई-वे बिल हातानं बनवलं आणि सातच्या सुमाराला ट्रक सोडला, ते असो. मला डोक्यात राहिलं ते वेगळंच. यातली एक डेडलाइन साफ चूक होती, पण उरलेल्या दोन दोन्ही बरोबर असू शकत होत्या, कुठलं कॅलेंडर धरलं त्यावर. आणि ते कॅलेंडर करारात कुठंच लिहिलेलं नव्हतं.

आधी हिशोब करून दाखवतो, कारण "बिझनेस अवर्स" हे शब्द सगळे वापरतात पण कागदावर बेरीज करून बघणारे फार थोडे. करारात वेळ अशी होती: सोमवार ते शुक्रवार सकाळी ९:३० ते संध्याकाळी ६:३०, शनिवारी ९:३० ते १:३०, दुसरा आणि चौथा शनिवार बंद, रविवार बंद, सणाच्या सुट्ट्या बंद. जेवणाची सुट्टी कापत नाहीत, कोणीतरी बसलेलं असतं. आठ तास म्हणजे ४८० मिनिटं. मिनिटांतच मोजा, तासांत मोजायला गेलात की दशांशात अडकता.

बुधवारी ४:५० ते ६:३० अशी १०० मिनिटं मिळाली. उरली ३८०. गुरुवार ३१ ऑक्टोबर, कर्नाटकात नरक चतुर्दशीची सुट्टी, शून्य मिनिटं. शुक्रवार १ नोव्हेंबर, राज्योत्सवाची सुट्टी, शून्य (त्या तारखेबद्दल इथं कोणाच्या मनात काय असतंय तो वेगळा विषय, मी फक्त कॅलेंडरबद्दल बोलतोय). शनिवार २ तारीख बलिप्रतिपदा, आमच्या सरकारी यादीत बलिपाड्यमी, शून्य. रविवार शून्य. सोमवारी ४ नोव्हेंबरला ९:३० ला ऑफिस उघडलं, त्यात ३८० मिनिटं मिळवली, म्हणजे सहा तास वीस मिनिटं, आली दुपारची ३:५०. झाला हिशोब. पहिला मुलगा सोमवार म्हणाला ते याच हिशोबानं.

आता दुसरा. त्यांचा सपोर्ट डेस्क पुण्यात बसतो. महाराष्ट्राच्या यादीत त्या वर्षी १ नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन आणि २ ला बलिप्रतिपदा होती, पण ३१ ऑक्टोबरला सुट्टी नव्हती. त्यामुळं गुरुवारी पुण्यातलं ऑफिस उघडं, ९:३० मध्ये ३८० मिनिटं मिळवली की गुरुवारचेच ३:५०. बघा गंमत, घड्याळात तीच वेळ, कॅलेंडरवर चार दिवसांचं अंतर. म्हणूनच दोघंही "३:५०" बोलत होते आणि मला आधी वाटलं एकाला वार नीट कळला नसेल.

आणि मेलमधले १२:५० कुठून आले? सरळ ४:५० मध्ये आठ तास मिळवलेत. लिहिताना बिझनेस अवर्स, मोजताना भिंतीवरचं घड्याळ. ही चूक इतकी सरळ आहे की लपत नाही. पण हिचीच एक जास्त शहाणी बहीण आहे, ती जास्त त्रास देते: आठ तास मिळवायचे आणि मध्ये जितके दिवस सुट्टी तितके चोवीस तास वर टाकायचे. चार सुट्ट्या, म्हणून ९६ तास. उत्तर येतं सोमवार ४ नोव्हेंबर, रात्री १२:५०. तारीख बरोबर वाटते म्हणून कोणी तक्रार करत नाही, पण सुट्ट्या वगळल्या आणि रात्री वगळायच्या राहिल्या, सकाळी सपोर्टवाला ऑफिसात पोचायच्या आधीच तिकीट लाल झालेलं. मी पहिल्यांदा लिहिलेला कोड हाच होता, आणि आमच्या इंजिनियरांना सोमवारी सकाळी डबा टेबलावर ठेवायच्या आधी "डेडलाइन चुकली"चे मेल बघायला मिळायचे. मला वाटायचं ही पोरं आळशी आहेत!

तिसरी पद्धत आहे "आठ तास म्हणजे एक दिवस". मग ४:५० चं तिकीट पुढच्या कामाच्या दिवशी ४:५० ला. पण तुमचा दिवस नऊ तासांचा आहे की हो. एक दिवस म्हणजे ५४० मिनिटं, आठ तास म्हणजे ४८०. एका तासाचा फरक, आणि शनिवार मध्ये आला तर त्याहून जास्त, कारण तुमचा शनिवार चारच तासांचा. म्हणून करारात "१ दिवस" लिहायचं असेल तर तो किती मिनिटांचा ते पण लिहा, नाहीतर सरळ तासच लिहा.

बरोबर पद्धत एकच, आणि ती कंटाळवाणी आहे: दिवस दिवस चालत जायचं. आज उघडं आहे का, असेल तर किती मिनिटं मिळतात, पुरली का, नसतील तर वजा करून उद्याकडं. कोड बघणाऱ्यांसाठी एवढाच:

```python
def deadline(t, left):
    while True:
        win = open_close(t.date())
        if win:
            op, cl = win
            t = max(t, op)
            if t < cl:
                avail = (cl - t).total_seconds() / 60
                if left <= avail:
                    return t + timedelta(minutes=left)
                left -= avail
        t = next_midnight(t)
```

`open_close` त्या तारखेची उघडायची आणि बंद व्हायची वेळ देतं, सुट्टी असेल तर काहीच देत नाही. सणवार, अर्धा शनिवार, दुसरा चौथा शनिवार, सगळी भानगड त्या एकाच ठिकाणी कोंडायची. `max` वाली ओळ रात्रीच्या तिकिटासाठी: रात्री ११ ला आलेलं तिकीट दिवस दिवस चालत सकाळी ९:३० ला आल्यासारखंच होतं. काही हुशार लोक म्हणतात लूप कशाला, आठवड्याचे तास काढून भागाकार करून टाकू. करा, पण दिवाळीचा आठवडा आणि श्रावणातला आठवडा सारखा नसतो, भागाकारात नेमक्या सुट्ट्याच बसत नाहीत. एका तिकिटासाठी पाच-सात फेऱ्या मारायला कॉम्प्युटरला काही दम लागत नाही.

त्यात `left <= avail` मधलं ते बरोबरीचं चिन्ह बघितलं का? सकाळी १०:३० ला तिकीट आलं तर ४८० मिनिटं बरोबर ६:३० ला संपतात, ऑफिस बंद व्हायच्या क्षणाला. चिन्ह ठेवलं तर डेडलाइन आज ६:३०, काढलं तर उद्या सकाळी ९:३०. हिशोबानं दोन्ही तेवढंच, मधल्या वेळात एकही मिनिट मोजलं जात नाही. पण शनिवारी १:३० आणि सोमवारी ९:३० यात माझ्यासारख्या माणसाचा अख्खा रविवार जातो. मी स्वतः आज ६:३० च्या बाजूचा, कारण गिऱ्हाईकाला तुम्ही आठ तास सांगितलेत आणि आठ तास तिथं संपले. तुम्ही काहीही ठरवा, पण मेल पाठवणारा प्रोग्रॅम एक धरतोय आणि महिन्याचा रिपोर्ट काढणारा दुसरंच, असं नको. मी हे बघितलंय, एकाच कंपनीत, एकाच महिन्यात.

आता माझा खरा मुद्दा, कॅलेंडरचा. आमचा भाग असा की सकाळी कर्नाटकात काम करायचं आणि संध्याकाळपर्यंत अर्ध्या गोष्टी महाराष्ट्रातून येतात. पार्ट कोल्हापूरहून, सॉफ्टवेअर पुण्याहून, हेड ऑफिस बेंगळुरात. प्रत्येकाची सुट्टीची यादी वेगळी. २०२४ मध्येच बघा, ११ ऑक्टोबरला कर्नाटकात महानवमी-आयुधपूजेची सुट्टी, महाराष्ट्रात फक्त १२ ला दसरा. उलट बाजूनं १९ फेब्रुवारी, शिवजयंतीची महाराष्ट्रात सरकारी सुट्टी, कर्नाटकाच्या यादीत नाही. १८ फेब्रुवारी २०२५ ला मंगळवारी ४:५० ला तिकीट टाकलं असतं तर इथल्या कॅलेंडरनं बुधवारी ३:५०, पुण्याच्या कॅलेंडरनं गुरुवारी ३:५०. दिवाळीत पुण्याचं कॅलेंडर मला फायद्याचं, शिवजयंतीला तोट्याचं. म्हणजे "गिऱ्हाईकाच्या सोयीचं कॅलेंडर" असं काही नसतंय.

मग कुठलं धरायचं? माझं मत, काम करणारा डेस्क जिथं बसतो तिथलं. घड्याळ मोजतंय काय, तर तुमचा माणूस काम करू शकत होता असा वेळ. पुण्यात माणूस बसलेला असताना बेळगावात नरक चतुर्दशी आहे म्हणून घड्याळ थांबवणं म्हणजे फुकटचा दिवस खिशात घालणं. पण काम जर इथल्याच इंजिनियरला गाडीवरून येऊन करायचं असेल, मशीनचं वगैरे, तर इथलंच कॅलेंडर लागणार, पुण्यातला माणूस आमचं पॅनेल उघडू शकत नाही. म्हणजे एका कंपनीची दोन कॅलेंडरं, फोनच्या सपोर्टचं एक, साइटवरच्या भेटीचं एक. चालेल की! पण तिकिटावर नाव लिहा कुठलं लागलंय ते. "पुणे डेस्क" एवढे दोन शब्द मेलमध्ये असते तर त्या दिवशी माझे दोन फोन वाचले असते.

आणि सरकारी सुट्ट्यांची यादी उचलून सिस्टिममध्ये टाकली म्हणजे झालं असं करू नका. ती यादी सरकारी ऑफिसांची. कारखान्यांसाठी कर्नाटकात १९६३ चा वेगळा कायदा आहे, त्यात २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि १ नोव्हेंबर ठरलेल्या आणि सणाच्या सुट्ट्या कारखान्यागणिक ठरवायच्या. त्यामुळं कनकदास जयंतीला कचेऱ्या बंद पण आमच्याकडं भट्टी चालू असं होतं. तुमच्या ऑफिसचं तसंच असणार, तुम्ही खरोखर कुठल्या दिवशी बंद ठेवता तीच तुमची यादी. दरवर्षी डिसेंबरात एचआरनं काढलेला कागद असतो ना नोटीस बोर्डावर, तोच सिस्टिममध्ये टाका. मागच्या जागी आमच्याकडं नवीन वर्षाची यादी टाकायचंच राहिलं होतं, १ जानेवारीपासून सिस्टिमला सण माहीतच नाहीत, आणि हे कळलं कधी तर संक्रांतीला, ऑफिसला कुलूप आणि तिकिटं पटापट लाल. तेव्हापासून मी एक साधी अट घातली, की पुढच्या वर्षाची यादी नसेल आणि चालत चालत त्या वर्षात शिरावं लागलं तर प्रोग्रॅमनं ओरडायचं, गप्प बसून अंदाज करायचा नाही.

यादी असली तरी अचानक जाहीर होणारी सुट्टी राहतेच. २६ डिसेंबर २०२४ आठवतंय, बेळगावात काँग्रेस कार्यकारिणीची शताब्दी बैठक भरलेली, १९२४ च्या गांधीजींच्या अध्यक्षतेखालच्या अधिवेशनाला शंभर वर्षं म्हणून, गावभर पोलीस आणि रोषणाई. रात्री दिल्लीत मनमोहन सिंग गेले, आणि दुसऱ्या दिवशी २७ ला शुक्रवारी राज्यात सरकारी ऑफिस, शाळा-कॉलेजांना सुट्टी. आता धरा गुरुवारी २६ ला ४:५० ला तिकीट आलंय. डेडलाइन निघाली शुक्रवारी ३:५०, गिऱ्हाईकाला मेलही गेला. रात्री सुट्टी जाहीर. तुमचं ऑफिस पण बंद राहिलं. शनिवार २८ चौथा शनिवार, बंद. रविवार. म्हणजे डेडलाइन सोमवार ३० डिसेंबर ३:५०. एका रात्रीत तीन दिवस पुढं.

इथं सिस्टिममध्ये काय होतं ते बघा. बहुतेक ठिकाणी डेडलाइन तिकीट बनताना एकदाच काढून साठवून ठेवतात. नंतर कोणी यादीत २७ तारीख घातली तरी जुन्या तिकिटांना ते कळत नाही, फक्त नव्यांना कळतं. मग शुक्रवारी रात्री आलेल्या तिकिटाची वेळ बरोबर, गुरुवारच्या तिकिटाची चूक, आणि महिन्याच्या रिपोर्टमध्ये गुरुवारची सगळी तिकिटं चुकलेली. उपाय म्हणजे सुट्टी घातली की सगळ्या उघड्या तिकिटांची डेडलाइन परत काढायची, जुनी वेळ खोडायची नाही, शेजारी ठेवायची, आणि गिऱ्हाईकाला दुसरा मेल पाठवायचा. आणि एक विनंती, ही दुरुस्ती तुम्ही खरंच बंद असलात तरच करा. सरकारी सुट्टी होती पण आमचं ऑफिस चालू होतं, असं असताना मागाहून तारीख घालून चुकलेली तिकिटं हिरवी करणारे मी पाहिलेत, तो हिशोब नव्हे, रंगकाम आहे.

रंगकामावरून आठवलं, "पेंडिंग". गिऱ्हाईकाच्या उत्तराची वाट बघताना घड्याळ थांबवायची सोय बहुतेक सिस्टिमना असते आणि ती योग्यच आहे, मी स्क्रीनशॉट पाठवायला दोन दिवस लावले तर तुमचा काय दोष. पण थांबवल्यावर परत चालू करताना हिशोब कसा करता? सोपा रस्ता म्हणून लोक किती वेळ थांबलं ते भिंतीवरच्या घड्याळानं मोजून डेडलाइनमध्ये मिळवतात. तेच दिवाळीचं तिकीट घ्या, डेडलाइन सोमवार ३:५०. सोमवारी १०:३० ला तुम्ही थांबवलं, मी मंगळवारी ११ ला उत्तर दिलं. साडेचोवीस तास थांबलं, मिळवले, मंगळवार ४:२०. बरोबर हिशोबानं? थांबवताना १६० मिनिटं वापरून झालेली, ३२० बाकी, मंगळवारी ११ पासून ३२० मिनिटं, ४:२०. जुळलं! टेस्ट करणारा खूश, कोड गेला पुढं.

आता मी त्याच दिवशी दुपारी ३ ला उत्तर दिलं असतं तर? साडेचार तास थांबलं, ३:५० अधिक साडेचार तास, सोमवार रात्री ८:२०. परत रात्र. बरोबर हिशोबानं ३ ते ६:३० ही २१० मिनिटं, उरली ११०, म्हणजे मंगळवार ११:२०. रात्रभर थांबलेलं तिकीट जुळतं आणि दुपारी थोडंसं थांबलेलं चुकतं, म्हणून ही चूक टेस्टमध्ये सापडत नाही आणि वर्षानुवर्षं राहते. थांबवताना डेडलाइन साठवूच नका, बाकी मिनिटं साठवा, आणि चालू करताना वरचाच लूप त्या मिनिटांवर चालवा. त्यात सगळं बसतं, मी रात्री नऊला उत्तर पाठवलं तरी घड्याळ सकाळी ९:३० लाच सुरू होणार.

(आणि शुक्रवारी ६:२५ ला "कृपया स्क्रीनशॉट पाठवा" असं लिहून पेंडिंग टाकणाऱ्यांना, स्क्रीनशॉट तिकिटाला पहिल्या दिवसापासून जोडलेला असतो, जरा खाली स्क्रोल करा.)

वेळेच्या झोनबद्दल थोडक्यात. सर्व्हर यूटीसीवर चालतो आणि कोणीतरी ९:३० ते ६:३० ही वेळ पण यूटीसीतच लावून ठेवतो, म्हणजे आपल्या वेळेनं दुपारी ३ ते रात्री १२. आमचं ४:५० चं तिकीट त्या खिडकीत पण बसतं आणि पुढच्या कामाच्या दिवशी ३:५० च येतं, उत्तर बरोबर! पण सकाळी १० चं तिकीट बघा, संध्याकाळी ६ ला संपायला पाहिजे ते रात्री ११ ला संपतं. दुपारच्या एकाच तिकिटावर टेस्ट करून कोड सोडू नका, सकाळचं एक, बंद झाल्यानंतरचं एक आणि शनिवारचं एक तरी बघा.

हे सगळं तुमच्याकडं नीट चालतंय का हे बघायला कोड उघडायची पण गरज नाही. गेल्या तीन महिन्यांची तिकिटं एक्सेलमध्ये काढा आणि डेडलाइनचा कॉलम बघा. एक जरी डेडलाइन ऑफिस बंद असतानाची निघाली, रात्रीची, रविवारची, सणाची, तर हिशोब चुकीचा आहे, दुसरा पुरावा नको. मग तिकिटं आल्याच्या वेळेनं लावा, डेडलाइन पण त्याच क्रमानं वाढत जायला पाहिजे, एकाच प्रकारच्या आणि मध्ये न थांबलेल्या तिकिटांत नंतर आलेल्याची डेडलाइन आधी येत असेल तर यादी मध्येच बदलली आणि जुन्यांना कळवलं नाही असं समजा. आणि बंदच्या काळात आलेली सगळी तिकिटं एकाच वेळेवर आलेली दिसतील, त्याला घाबरू नका, ते बरोबर आहे. त्या दिवाळीत इथल्या कॅलेंडरनं बुधवारी संध्याकाळी ६:३० नंतर ते सोमवारी सकाळी ९:३० पर्यंत आलेल्या प्रत्येक आठ तासांच्या तिकिटाची डेडलाइन सोमवार संध्याकाळी ५:३० च असणार. त्यात गुरुवारी सकाळी आलेलं आणि रविवारी रात्री आलेलं सारखंच दिसतं, म्हणून यादी लावताना आधी डेडलाइन आणि ती सारखी असेल तर आल्याची वेळ असं लावा, नाहीतर चार दिवस वाट बघितलेला माणूस आणि कालचा माणूस एकाच रांगेत चिठ्ठ्या टाकल्यासारखे.

राहिला प्रश्न, अशा कामांना बिझनेस अवर्स लावायचेच का. गेटवर ट्रक थांबला असेल, भट्टीचं कंट्रोल बंद पडलं असेल, आणि रात्रपाळी चालू असेल, तर मला ४८० मिनिटांचं गणित नकोय, त्यासाठी वेगळा प्रकार ठेवा, चोवीस तासांचा, आणि त्याचे पैसे वेगळे घ्या, आम्ही देतो. पण मग त्याचं घड्याळ खरंच भिंतीवरचं असू दे, त्यात परत दिवाळी वगळू नका. आणि तो पर्याय तिकीट टाकतानाच दिसू दे, करारातल्या सतराव्या पानावर नको. मी ३० तारखेला प्रायोरिटीत "हाय" निवडलं होतं, नंतर कळलं की त्यांच्याकडं हाय म्हणजे पण बिझनेस अवर्सच, फक्त रंग वेगळा.

म्हणून आपल्याकडून लेखी एवढंच पाहिजे: फोनच्या सपोर्टला कुठल्या डेस्कचं कॅलेंडर, भेटीला कुठलं, शनिवार कसा, शेवटचं मिनिट बंद होताना मोजता की उघडताना, आणि अचानक सुट्टी आली तर काय. एका पानात मावतं. आमचा करार एप्रिलपासून नवा होतोय, त्याला जोडून सुट्ट्यांची यादी पाठवा. काकांनी आत्ताच सांगून ठेवलंय, यादी आली नाही तर सहीचा पेन त्यांच्या ड्रॉवरमध्ये राहणार, आणि त्या ड्रॉवरची किल्ली मलाही माहीत नाही.

आपला,
उद्यमबागेतला एक आयटीवाला